महाएपिसोड समोर आला, पण तो कुठल्या कथेतला? लग्न आणि सणांचे तासाभराचे भाग ओळखायची रीत

रोजची मालिका रोज बघणाऱ्याला हा प्रश्न पडत नाही. पडतो तो मधूनच येणाऱ्याला. शिक्षणासाठी कोल्हापूरच्या राजारामपुरीत खोली घेऊन राहिलेली मुलगी सुट्टीला घरी येते, नवी सून सासरच्यांसोबत टीव्हीसमोर बसते, किंवा घरच्या ग्रुपवर कुणीतरी पाऊण तासाची फाइल टाकतं. मांडव सजलाय, सनई वाजतेय, नायिका नऊवारीत आहे आणि सगळं घर रडतंय. पण हे लग्न आधीचं की नंतरचं, खरं की नाटकातलं, याच मालिकेतलं की पाहुण्या मालिकेतलं, काही कळत नाही. आजीला विचारलं तर आजी म्हणते, "आगं, हे ते लगीन न्हवं, त्याच्या आधीचं." त्यानं गोंधळ वाढतोच.

असा भाग सुरुवातीपासून शेवटपर्यंत सलग बघून उलगडत नाही. तासाभरातला मधला मोठा हिस्सा नाच, खेळ, हळद आणि पाहुण्यांची ये-जा यात जातो आणि त्यात कथा जवळपास थांबलेली असते. कथा असते दोन टोकांना, आणि विधीमध्ये ज्या ठिकाणी नावं घेतली जातात तिथं. म्हणून पुढची रीत त्याच क्रमानं दिली आहे.

आधी भागाची जात ठरवा

फाइल किती मिनिटांची आहे ते बघा. दूरसंचार नियामकाच्या नियमानुसार वाहिनीला तासाला 12 मिनिटांपर्यंत जाहिराती आणि स्वतःचे प्रोमो दाखवता येतात. त्यामुळे अर्ध्या तासाचा रोजचा भाग जाहिराती काढून साधारण 20 ते 23 मिनिटांचा उरतो आणि तासाभराचा विशेष भाग 42 ते 48 मिनिटांचा. दीड तासाच्या आसपास लांबी असेल तर तो दोन तासांचा सोहळा आहे. 8-10 मिनिटांची फाइल असेल तर तो भाग नव्हेच, कुणीतरी कापलेले तुकडे आहेत. त्यावरून काही ठरवू नका, कारण कापणारा माणूस कथेचीच दृश्यं काढतो आणि नाच ठेवतो.

पण नुसत्या लांबीवर विसंबू नका. काही मालिका रोजच तासाभराच्या असतात. झी मराठीवर डिसेंबर 2024 मध्ये सुरू झालेली 'लक्ष्मी निवास' सुरुवातीपासूनच रोज तासभर दाखवली गेली. तिथं 45 मिनिटांचा भाग म्हणजे साधा मंगळवार असू शकतो.

दुसरी गोष्ट म्हणजे पात्रांच्या वेशातली माणसं दर वेळी कथेत असतातच असं नाही. वाहिन्यांचे पुरस्कार सोहळे होतात, गणपतीत सगळ्या मालिकांची कुटुंबं एका मंचावर येतात, 'आता होऊ दे धिंगाणा'सारख्या कार्यक्रमात मालिकेतली मंडळी पात्रांच्याच नावानं खेळतात. तिथं सासू-सून एकत्र नाचल्या म्हणून मालिकेत त्यांचं भांडण मिटलं असं समजू नका. ओळखायची खूण सोपी आहे: सूत्रसंचालक दिसला, समोर प्रेक्षक बसलेले दिसले किंवा पात्रं थेट कॅमेऱ्याकडे बघून बोलली, तर तो भाग कथेच्या बाहेरचा. तो बाजूला ठेवा.

उरलेले भाग दोन प्रकारचे. एक, रोजच्याच वेळेत ताणून तासाचा केलेला भाग. दुसरा, रविवारचा विशेष, जो बऱ्याचदा दुपारी एकदा आणि संध्याकाळी पुन्हा दाखवतात. नवख्या माणसाची सर्वांत जास्त फसगत या दुसऱ्या प्रकारात होते. सोमवार ते शनिवार मालिका बघणाऱ्याला वाटतं की रविवारी जुनंच काहीतरी पुन्हा दाखवत असतील. प्रत्यक्षात तो नवा भाग असतो आणि शनिवार-सोमवारच्या मधे बसतो. सोमवारी मालिका लावली की नायिकेच्या गळ्यात मंगळसूत्र दिसतं आणि लग्न कधी झालं ते कळत नाही. धागा तुटला असं वाटलं की आधी मधला रविवार तपासा.

पहिली पाच मिनिटं आणि शेवटची दहा

भाग लावल्यावर पहिली पाच मिनिटं बघा, मग सरळ शेवटच्या दहा मिनिटांवर जा. सुरुवातीला बहुतेक वेळा आदल्या दिवशीच्या शेवटच्या प्रसंगाचाच थोडा भाग पुन्हा दाखवलेला असतो: दार उघडतं, कुणीतरी "थांबा!" म्हणतं, किंवा हातातला कागद खाली पडतो. तोच प्रसंग ज्या रोजच्या भागाच्या शेवटी आहे, त्याच्या पुढं हा विशेष भाग बसतो. शेवटच्या दहा मिनिटांत जो नवा धक्का दिला जातो तो पुढच्या भागाच्या सुरुवातीला पुन्हा येतो. ही दोन टोकं जुळली की भागाची जागा पक्की होते. तारीख, क्रमांक, नाव काहीही नसलं तरी चालतं.

टोकं जुळवताना चेहऱ्यापेक्षा साडी आणि दागिने जास्त कामाला येतात. लग्नाचा किंवा सणाचा भाग एकाच सेटवर, एकाच सजावटीत सलग चित्रित केलेला असतो. त्यामुळे आदल्या भागाच्या अखेरीस आणि पुढच्या भागाच्या सुरुवातीस तीच साडी, तीच नथ, तीच फुलांची वेणी दिसते. नायिकेची साडी बदलली असेल पण सासूची तीच असेल, तर मध्ये एखादा कपडे बदलण्याचा प्रसंग आहे एवढंच. सगळ्यांचेच कपडे बदललेले असतील, तर मधला एक भाग तुमच्याकडे नाही.

शेवटच्या दहा मिनिटांत आणखी एक गोष्ट तपासा: मांडवात लागलेलं लग्न पूर्ण झालं का? मालिकेच्या हिशेबात आंतरपाट धरला म्हणजे लग्न लागलं असं होत नाही. अक्षता पडल्या तरी होत नाही. मंगळसूत्र घातलेलं आणि सप्तपदी झालेली दिसली तरच पुढच्या कथेत ते लग्न धरलं जातं. भाग आंतरपाटावरच संपत असेल, तर ते लग्न मोडण्यासाठी रचलेलं असण्याची शक्यता मोठी. एकाच जोडीच्या दोन-तीन विवाह विशेष भागांमध्ये गोंधळ होतो तो यामुळेच. पहिला अपुरा राहिलेला असतो, दुसरा पूर्ण होतो, आणि तिसऱ्यात घरच्यांच्या आग्रहानं तेच लग्न पुन्हा थाटात लावलेलं असतं. तिसऱ्यात नवरीच्या पायात आधीपासून जोडवी दिसतात. ते पाय एकदा नीट बघा.

लग्न कुणाचं हे नावावरून ठरवा

प्रोमोत जे लग्न सांगितलं जातं तेच मांडवात लागतं असं नाही. प्रोमोचं काम उत्सुकता वाढवणं असतं, म्हणून तो बरोबर उत्तराच्या आधी तुटतो. तेव्हा पुरावा विधीतून घ्या.

पहिला पुरावा उखाणा. नवरी जेव्हा म्हणते,

"पंचगंगेच्या घाटावर दिव्यांची ओळ,
अमुकरावांचं नाव घेते, गृहप्रवेशाची वेळ"

तेव्हा त्या 'अमुकरावां'च्या जागी आलेलं नाव कान देऊन ऐका. लेखकाला इथं नाव चुकवता येत नाही. उंबरठ्यावरचा उखाणा माप ओलांडण्याआधी येतो, म्हणजे लग्न लागून गेलं आहे. हळदीत किंवा साखरपुड्यात घेतलेला उखाणा मात्र तेवढा पक्का नाही. तिथं नाव घेतलेलं असतं एकाचं आणि मांडवात उभा राहतो दुसरा, हा मालिकांचा आवडता फिरकीचा प्रकार आहे.

दुसरा पुरावा लिहिलेली नावं: मांडवाच्या दारावरची फुलांची पाटी, देवापुढं ठेवलेली पत्रिका, रुखवतातल्या नक्षीवर घातलेली नावं. कॅमेरा त्यांवरून पटकन फिरतो. तिथं थांबवून वाचा. मधल्या सगळ्या गोंधळात हीच दोन-तीन सेकंदं सर्वांत उपयोगाची असतात.

तिसरी गोष्ट पुराव्याहून सूचनेसारखी आहे, पण क्वचितच चुकते. मराठी लग्नात नवरीचा चेहरा झाकायची रीत नाही. मुंडावळ्या बांधतात, डोक्यावर शेला असतो, पण तोंड उघडं असतं. मालिकेत नवरीचा चेहरा जाळीनं किंवा शेल्यानं पूर्ण झाकून तिला मांडवात आणलं, तर आत दुसरीच कुणीतरी आहे असं धरून चाला. अशा भागाची नोंद करताना मांडवात बसलेल्या मुलीचं नाव लिहा, पाटीवरच्या मुलीचं नाही. पुढचे कित्येक महिने कथा त्या अदलाबदलीवर चालते.

स्वप्नातलं लग्नही तपासायला हवं. बहुतेक वेळा पडद्याच्या कडा धूसर होतात किंवा रंग फिका पडतो, पण दर वेळी नाही. खात्रीची खूण म्हणजे पुढचा भाग. पुढच्या भागात घरातलं तिसरं कुणीही त्या लग्नाचा उल्लेख करत नसेल, तर ते लागलंच नाही.

सण असेल तर काम सोपं होतं

लग्नाचा विशेष भाग वर्षाच्या कुठल्याही आठवड्यात येऊ शकतो. मालिकेतली लग्नं पंचांगातल्या मुहूर्तावर नव्हे, कथेच्या गरजेवर लागतात. सणाचं तसं नाही. सणाचा भाग सणाच्याच आठवड्यात दाखवला तर त्याला अर्थ असतो, म्हणून तो तारखेशी बांधलेला असतो. शिवाय प्रत्येक सण पात्रांच्या नात्याबद्दल काहीतरी सांगून जातो.

मंगळागौर घ्या. ती श्रावणातल्या मंगळवारी होते आणि पूजेला बसतात त्या लग्नाला पाच वर्षं न झालेल्या सुवासिनी. म्हणून जी बसलेली दिसते तिचं लग्न कथेत होऊन गेलंय. जी जिम्मा-फुगडीत आहे पण पूजेला बसलेली नाही, तिच्याकडे लक्ष द्या. बऱ्याचदा तिचंच लग्न अजून घरानं मान्य केलेलं नसतं आणि पूर्ण भाग त्या एका पाटाभोवती फिरतो. संक्रांतीला हलव्याचे दागिने घातलेली नवी सून दिसली, तर लग्नानंतरची ती पहिली संक्रांत. म्हणजे लग्न मागच्या जानेवारीनंतरच कधीतरी झालंय. वटपौर्णिमेचा भाग असेल तर तो 2020 सालचा नाही, हे लगेच खोडून टाकता येतं. त्या वर्षी टाळेबंदीत चित्रीकरण बंद होतं आणि मराठी मालिकांचे नवे भाग जुलैच्या मध्यावर पुन्हा सुरू झाले, वटपौर्णिमा जूनच्या सुरुवातीलाच होऊन गेली होती.

धोंड्याच्या महिन्याचा भाग मिळाला तर साल जवळजवळ हातातच आलं. जावयाला अनारसे-बत्तासे आणि चांदीचं ताट देण्याचा प्रसंग अधिक महिन्यातच येतो आणि अधिक महिना साधारण पावणेतीन वर्षांनी एकदा. 2018 ला तो ज्येष्ठात आला, 2020 ला आश्विनात, 2023 ला श्रावणात, 2026 ला पुन्हा ज्येष्ठात. मालिका 2022 मध्ये सुरू होऊन 2024 मध्ये संपली असेल, तर तिच्यात धोंड्याचा भाग एकच असणार आणि तो 18 जुलै ते 16 ऑगस्ट 2023 च्या आसपासचा.

नवरात्राचे भाग मात्र सविस्तर बघण्यासारखे आहेत, कारण त्यात वार लपलेला असतो. गेली कित्येक वर्षं जे नऊ रंग चालतात त्यातले सात वारांना बांधलेले आहेत: रविवारी नारिंगी, सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, बुधवारी निळा, गुरुवारी पिवळा, शुक्रवारी हिरवा, शनिवारी करडा. नवरात्र कुठल्याही वारी सुरू झालं तरी पहिले सात दिवस हेच रंग फिरून येतात. उरलेल्या आठव्या-नवव्या दिवसांना गुलाबी, जांभळा किंवा मोरपंखी यांतले दोन मिळतात आणि ते दर वर्षी बदलतात. मालिकेतल्या घरातल्या सगळ्या बायका एकाच रंगात दिसल्या की तो रंग बघा. 2024 चं नवरात्र गुरुवारी सुरू झालं, म्हणून घटस्थापनेला पिवळा होता. 2025 चं सोमवारी सुरू झालं, म्हणून पांढरा. घट बसवण्याच्या प्रसंगात सगळ्या पांढऱ्यात असतील तर 2024 चा भाग असू शकत नाही. अंबाबाईच्या देवळातल्या ओवऱ्यांत उभं राहून ज्यानं हे रंग वर्षानुवर्षं बघितलेत, त्याला मालिकेतला वार पहिल्या मिनिटात कळतो. एकच काळजी घ्यायची: एखाद्या मालिकेत फक्त नायिका वेगळी उठून दिसावी म्हणून तिला रंगाबाहेरची साडी देतात. रंग बाकीच्यांचा बघा, तिचा नाही.

गौरी-गणपतीत दिवस नैवेद्यावरून कळतो. आवाहनाच्या दिवशी भाजी-भाकरी, पूजनाच्या दिवशी पुरणपोळी. मालिका दोन दिवस एकाच तासात कोंबते, पण ताटातलं जेवण बदललं की कथेतला दिवस बदलला.

ठिकाणावरून मात्र काही ठरवू नका, आणि हे कोल्हापूरच्या प्रेक्षकाला मुद्दाम सांगायला हवं. अंबाबाईचं शिखर, रंकाळा, जोतिबाचा डोंगर अशी दृश्यं प्रसंगाच्या सुरुवातीला जोडलेली असतात आणि तीच पुन्हापुन्हा वापरली जातात. मंदिराबाहेरच्या गर्दीत काय चाललंय त्यावरून तारीख काढायला गेलात तर फसाल. 'तुझ्यात जीव रंगला' वसगड्यात चित्रित झाली म्हणून तिथला वाडा ओळखीचा वाटतो, पण वाडा तोच असला तरी लग्न कुठलं हे वाडा सांगत नाही.

एक भाग सोडवून बघू

समजा, आत्याबाईंनी ग्रुपवर 46 मिनिटांची फाइल टाकली आहे. नाव नाही, तारीख नाही. कोपऱ्यात वाहिनीचं चिन्ह आहे आणि मालिका ओळखीची आहे. ती 2022 च्या डिसेंबरात सुरू होऊन 2024 च्या अखेरीस संपली होती. भागात मंगळागौर आहे. पूजेला मोठी जाऊ आणि धाकटी जाऊ बसल्यात, दोघींच्या हातात हिरवा चुडा. नायिका निवदाचं ताट आणून देते आणि मागं उभी राहते. रात्री खेळात सगळ्या आहेत. शेवटी फाटकाशी एक अनोळखी माणूस येतो आणि भाग संपतो.

लांबीवरून तो तासाचा विशेष भाग. सूत्रसंचालक नाही, म्हणजे कथेतला. मंगळागौर म्हणजे श्रावण. मालिकेच्या काळात श्रावण दोन आले: 2023 आणि 2024. 2023 ला आधी अधिक श्रावण होता आणि मंगळागौर निज श्रावणात पूजतात, म्हणून त्या वर्षीचे मंगळवार 22 ऑगस्टपासूनचे. 2024 चे 6 ऑगस्टपासूनचे.

आता धाकट्या जावेचा उखाणा ऐकायचा. ती नायिकेच्या धाकट्या दिराचं नाव घेते. अ‍ॅपवरची यादी चाळली की त्या दोघांचं लग्न मार्च 2024 मध्ये लागलेलं सापडतं. मग 2023 आपोआप गळून पडलं. उरला ऑगस्ट 2024. त्या महिन्यात 6, 13, 20 आणि 27 हे मंगळवार येतात, आणि विशेष भाग त्या मंगळवारी किंवा त्याच्या जवळच्या रविवारी असणार. म्हणजे बघायचे भाग आठच.

त्यातल्या प्रत्येकाच्या आधीच्या दिवसाची शेवटची दोन मिनिटं लावायची. 17 ऑगस्टच्या शनिवारच्या भागाच्या अखेरीस सासू गुलबक्षी रंगाच्या पैठणीत पूजेची तयारी सांगतेय आणि नायिका म्हणते, "आई, मी बसू का पूजेला?" फाइलच्या पहिल्याच मिनिटात तोच प्रश्न आणि तीच पैठणी. 19 ऑगस्टच्या सोमवारी सुरुवातीलाच फाटकातला अनोळखी माणूस. दोन्ही टोकं जुळली: हा 18 ऑगस्ट 2024 च्या रविवारचा विशेष भाग आहे, आणि जावा पूजेला बसल्या असताना नायिका बसली नाही, कारण तिचं लग्न सासूनं तोवर मानलेलं नव्हतं. म्हणून हा भाग मंगळागौरीचा असला तरी तो आहे नायिकेच्या 'मान मिळण्या'च्या ट्रॅकमधला, म्हणजे कथेच्या त्या धाग्यातला. धाकट्या जावेचा संसार इथं पार्श्वभूमीला आहे. भागाचं नाव लिहिताना हे लक्षात ठेवा: सण कुठला यापेक्षा शेवटचा धक्का कुणाला बसला, यावरून ट्रॅक ठरतो.

चेहरा तोच, माणूस वेगळा

कोल्हापूरच्या शिर्के-पाटील कुटुंबाची 'सुख म्हणजे नक्की काय असतं' ही स्टार प्रवाहवरची मालिका ऑगस्ट 2020 मध्ये सुरू झाली आणि 2024 मध्ये संपली. गिरिजा प्रभू आणि मंदार जाधव यांनी आधी गौरी आणि जयदीपची भूमिका केली आणि पुढं कथेत पुनर्जन्म आल्यावर नित्या आणि अधिराज यांची. त्यामुळे या दोघांचा लग्नाचा कुठलाही भाग समोर आला की नुसत्या चेहऱ्यावरून तो कुठल्या जन्मातला हे सांगता येत नाही. घरातल्या दोन माणसांचं यावर खरोखर भांडण होतं, आणि दोघंही अर्धे बरोबर असतात.

इथं वरचीच रीत लागू पडते, फक्त क्रम बदलतो. आधी नाव ऐका. पाटीवर किंवा उखाण्यात अधिराज आला तर दुसरी कथा, जयदीप आला तर पहिली. नाव कुठंच ऐकू आलं नाही, तर भोवतालच्या वडीलधाऱ्या पात्रांची वयं बघा. पंचवीस वर्षांच्या लीपनंतर जी जुनी पात्रं टिकतात त्यांचे केस पांढरे होतात आणि चालणं बदलतं, पण नायक-नायिका तरुणच राहतात. तरुण जोडी आणि म्हातारं झालेलं जुनं पात्र एकाच मांडवात दिसलं, तर भाग लीपनंतरचा. पुनर्जन्माच्या कथेत जुनी दृश्यं आठवणी म्हणून परत येतात, तेव्हा एका मिनिटाच्या तुकड्यावर विसंबू नका. अख्ख्या प्रसंगात कुणी कुणाला कुठल्या नावानं हाक मारतं ते बघा.

कलाकार बदललेला असेल तर उलटं होतं: चेहरा नवा, माणूस जुना. तिथंही नावच खरं.

महासंगम

दोन मालिकांची पात्रं एकाच लग्नात किंवा एकाच सणात आली की वाहिनी त्याला महासंगम म्हणते. दोन अर्ध्या तासांचे सलग स्लॉट जोडून त्याचा एक तास केलेला असतो. नवख्याला वाटतं की हा कुठल्यातरी एका मालिकेचा भाग आहे, आणि अ‍ॅपवर शोधताना तो त्या मालिकेत सापडत नाही. याचं कारण असं की अ‍ॅपवर तो कधी दोन्ही मालिकांच्या यादीत पूर्ण ठेवतात, कधी अर्धा-अर्धा, तर कधी एकाच यादीत.

तो कुठल्या कथेचा हे ठरवायचं तर लग्न कुणाच्या घरात आहे ते बघा. यजमान घराची कथा पुढं सरकते. पाहुणी मालिका बहुतेक वेळा मदत करते, एखादं गुपित ऐकते आणि परत जाते. पण पाहुण्यांपैकी कुणी एकटं पडून फोनवर बोलताना दिसलं, तर पाहुण्या मालिकेचा धागाही तिथं अडकवला आहे. तेवढी तीन-चार मिनिटं पाहुण्या मालिकेच्या नोंदीत वेगळी लिहून ठेवा. दुसऱ्या दिवशी ती मालिका तिथूनच सुरू होते.

नोंद ठेवताना

भागाचा क्रमांक वापरू नका. तासाभराचा विशेष भाग काही याद्यांत एक भाग म्हणून मोजतात, काही ठिकाणी दोन म्हणून. म्हणून पहिल्या महाएपिसोडनंतर दोन याद्यांचे क्रमांक एकानं चुकतात आणि वर्षभरात फरक चार-पाचांवर जातो. जिओहॉटस्टार, झी फाइव्ह, सोनी लिव्ह या अ‍ॅपवर भागाखाली तारीख दिलेली असते, तीच उतरवून घ्या. वहीत एका भागासाठी चार गोष्टी पुरतात: दाखवल्याची तारीख आणि वार, सण किंवा विधी, ज्याचं नाव घेतलं गेलं ती जोडी, आणि शेवटचा प्रसंग एका वाक्यात. लग्न असेल तर 'पूर्ण', 'मोडलं', 'नवरी बदलली' किंवा 'दुसऱ्यांदा' यांतला एक शब्द पुढं लिहा.

मोबाइलवर आलेली फाइल जोडताना तिचं नाव बदलून तारीख आधी टाका, म्हणजे 2024-08-18 असं साल-महिना-दिवस. मग फाइली आपोआप क्रमानं लागतात, आणि पुढच्या श्रावणात आत्याबाईंनी पुन्हा तोच भाग पाठवला तरी तो आधीच्याच शेजारी जाऊन बसतो.